बर्लिनची एकच जागा, दोन वेळा पाडापाडी - ॲस्बेस्टॉस हे खरं कारण होतं का?

पाऊलवाट

२००८ च्या वसंतात मी कामानिमित्त चार महिने बर्लिनला होते. रोज ऑफिसला जाताना श्प्रे नदीवरचा एक पूल लागायचा आणि पुलालगत एक अर्धवट पाडलेली अवाढव्य इमारत होती. म्हणजे लोखंडी सांगाडा जवळजवळ गेलेला, पण काँक्रीटचे उंच जिने मात्र एकेकटे उभे, वर कुठेच न जाणारे. नदीत बार्ज लागलेले असायचे आणि मलबा त्यातून जायचा. ऑफिसमधल्या एकाला विचारलं तर म्हणाला पूर्व जर्मनीचा पालास्ट डेर रेपुब्लीक आहे, ॲस्बेस्टॉस होतं म्हणून पाडतायत. विषय संपला.

२०२२ मध्ये परत जाणं झालं तर त्याच जागी चक्क एक राजवाडा! बरोक शैलीचा, दगडी गरूड, पुतळे, वर घुमट आणि घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला क्रॉस. आधी वाटलं आपण पूलच चुकलो. मग कळलं की हा राजवाडा म्हणजे हम्बोल्ट फोरम नावाचं नवं संग्रहालय आहे, पण ज्या राजवाड्यासारखं ते दिसतं तो खरंच तिथे होता आणि तो १९५० मध्ये कम्युनिस्टांनी सुरुंग लावून उडवला होता. म्हणजे आधी राजवाडा पाडून मोकळं मैदान, मग त्यावर पालास्ट, मग पालास्ट पाडून परत राजवाडा.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ॲस्बेस्टॉस हे खरंच कारण होतं की सरकार बदललं की आधीच्याची खूण पुसायची हे कारण होतं? आणि हे ओळखायचं कसं? कागदावर तर प्रत्येक वेळी काहीतरी तांत्रिक कारण असतंच. कुणी यावर नीट वाचलं असेल तर लिहा प्लीज, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

रोखठोक

ताई, यात राजकारण शोधायची गरज नाही. त्या बिल्डिंगमध्ये जवळपास ५००० टन ॲस्बेस्टॉस होतं. पाच हजार टन! अशी बिल्डिंग जगात कुठेही पाडतीलच, सरकार कुठलंही असो. आणि १९५० चा राजवाडा पण बॉम्बिंगमध्ये खलास झालेला होता, नुसता ढिगारा उरला होता, तो उचलला एवढंच. दोन्ही वेळा सेफ्टीचा इश्यू. बाकी पालास्टचं काही स्टील दुबईला बुर्ज खलिफाला गेलं असं मात्र सांगतात.

नवखा_वाचक

राइशस्टागवर काचेचा घुमट आहे ना, आत चढून जाता येतं तो? तोच का हा राजवाडा? तो तर मी पाहिलाय, त्यावर क्रॉस नव्हता. की भिंत पडली तेव्हा नवीन बांधला?

पाऊलवाट

नाही हो, राइशस्टाग म्हणजे संसद, ती ब्रांडेनबुर्ग गेटजवळ. हे तिथून सरळ पूर्वेला चालत गेलं की नदीच्या बेटावर, कॅथेड्रलच्या समोर.

बुरूज_पाहणारा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून थोडं लांबण लावतो. रोखठोक, आकडा तुमचा बरोबर आहे, ५००० टनांच्या आसपासच सांगतात. पण "म्हणून पाडली" याला तारखा आड येतात. अशा प्रश्नात मी पहिली गोष्ट बघतो ती ही की काय कशाच्या आधी घडलं.

पालास्ट उघडला एप्रिल १९७६ मध्ये. आर्किटेक्ट हाइन्त्स ग्राफुंडर. एका टोकाला पूर्व जर्मनीची संसद, दुसऱ्या टोकाला ५००० माणसं बसतील असं सभागृह आणि मध्ये रेस्टॉरंट, बोलिंग, पोस्ट, थिएटर असं सगळं. संसदेच्या इमारतीत बायकापोरं घेऊन जेवायला जाता यायचं. इमारत पोलादी सांगाड्याची. आग लागली की पोलाद वितळायच्या किती तरी आधी मऊ पडतं आणि वजन पेलेनासं होतं, म्हणून त्या काळी तुळयांवर ॲस्बेस्टॉसचं मिश्रण पंपाने फवारायचे. हे पूर्वेतच नाही, पश्चिमेतही तसंच चालायचं.

बंद कधी झाला? १९ सप्टेंबर १९९० ला. एकीकरण ३ ऑक्टोबरला. म्हणजे टाळं लावलं ते पूर्व जर्मनीच्याच शेवटच्या, निवडून आलेल्या सरकारच्या काळात, ही गोष्ट पश्चिमेला दोष देणारे विसरतात. त्याच संसदेने महिनाभर आधी, २३ ऑगस्टला, त्याच इमारतीत, पश्चिम जर्मनीत सामील व्हायचा ठराव केला होता. तर बंद करण्याचं कारण आरोग्याचं होतं, मला त्यात शंका नाही.

पण आता पुढे बघा. पाडायचा पहिला निर्णय मार्च १९९३ मध्ये झाला, केंद्र आणि बर्लिन यांच्या संयुक्त समितीत. तोपर्यंत ॲस्बेस्टॉसला कुणी हातही लावलेला नव्हता. लोकांनी आरडाओरडा केला, निर्णय लोंबकळला. मग १९९८ ते २००३ ॲस्बेस्टॉस काढायचं काम झालं आणि ते काम असं करायचं ठरलं होतं की नंतर इमारत ठेवताही यावी आणि पाडताही यावी. बरोक दर्शनी भागासह राजवाडा बांधावा हा संसदेचा ठराव ४ जुलै २००२ चा, ३८४ विरुद्ध १३३ मतांनी. आणि पाडायला सुरुवात फेब्रुवारी २००६ मध्ये.

म्हणजे जे विष म्हणून सांगितलं जात होतं ते बहुतेक सगळं काढून झाल्यावर तीन वर्षांनी पाडकाम सुरू झालं. ॲस्बेस्टॉसमुळे इमारत बंद झाली हे बरोबर, ॲस्बेस्टॉसमुळे पाडली हे नाही.

१९५० बद्दल वेगळं लिहितो, तिथेही गडबड आहे.

रोखठोक

बुरूज सर, तारखा मान्य. पण "बहुतेक" म्हणताय म्हणजे काही राहिलंच होतं ना? आणि पाच वर्षं खर्च करून साफ केलेली बिल्डिंग कुठलं सरकार उगाच पाडेल, काहीतरी स्ट्रक्चरल प्रॉब्लेम असेलच.

बुरूज_पाहणारा

राहिलं होतं, हो. पाडताना आणखी सापडलं आणि काम लांबलं, २००८ च्या शेवटापर्यंत गेलं. हा तुमचा मुद्दा रास्त आहे. सांगाडा मात्र धडधाकट होता. २००४-०५ मध्ये त्या रिकाम्या सांगाड्यात नाटकं, प्रदर्शनं झाली, लोक रांगा लावून आत गेले. एका कलाकाराने छतावर मोठ्या अक्षरांत 'ZWEIFEL' असा शब्द उभा केला होता, म्हणजे शंका. ती अक्षरं दूरवरून दिसायची.

पण एक गोष्ट जी बाहेरून लक्षात येत नाही ती सांगतो. फवारलेलं ॲस्बेस्टॉस काढायचं म्हणजे काय करतात? एकेक भाग प्लॅस्टिकने बंद करायचा, आतली हवा सतत ओढून घ्यायची म्हणजे फट राहिली तरी हवा आत येईल, तंतू बाहेर जाणार नाहीत. कामगार अंगभर सूट घालून, मास्क लावून, ओलं करून खरवडतात, बाहेर येताना आंघोळ करून येतात. आणि त्या तुळईपर्यंत पोचायचं तर तुळईच्या आड जे काही आहे ते सगळं आधी काढावं लागतं, छत, भिंतींची लाकडी आवरणं, संगमरवर, दिवे, लिफ्ट, सगळंच. म्हणून २००३ ला जे उरलं ते नुसतं पोलाद, काँक्रीट आणि बाहेरच्या तांबूस आरशासारख्या काचा. ज्या इमारतीवर लोकांचा जीव होता ती तेव्हाच गेलेली होती. मग पाडायच्या बाजूचे लोक म्हणू लागले की बघा, इथे वाचवायला आहे काय, एक कुरूप सांगाडा. सफाई आवश्यक होती हे खरं आणि सफाईनेच इमारतीची बाजू लंगडी पडली हेही खरं. असं मी माझ्या कामात इतर ठिकाणीही पाहिलंय, दुरुस्तीसाठी म्हणून आतलं सगळं उतरवतात आणि मग पैसे संपतात किंवा सत्ता बदलते आणि उघडी हाडं बघून लोकांनाच ती इमारत नकोशी होते.

तुलना करायची तर पश्चिम बर्लिनमध्येच आहे. तिथलं आयसीसी नावाचं काँग्रेस सेंटर १९७९ चं, साधारण त्याच पिढीचं, पोलादी, त्यातही ॲस्बेस्टॉस. ते २०१४ पर्यंत वापरात होतं आणि २०१९ मध्ये संरक्षित वारसा म्हणून नोंदलं गेलं. दोन्हीकडे तोच पदार्थ. फरक कशाचा ते तुम्हीच बघा.

चिमणीधूर

ॲस्बेस्टॉसचा विषय निघालाच आहे तर विचारतो, रागावू नका. मी बावीस वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. बॉयलरच्या पाइपांना पांढरं लेपन असायचं, ते आम्ही हाताने फोडायचो, मास्कबिस्क काही नाही, धूळ उडायची. तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, जिना चढताना दम लागतो. त्या बर्लिनवाल्यांना सूट घालायला लावत होते तर आम्ही काय होतो? हे वाचून रात्री झोप लागली नाही.

बुरूज_पाहणारा

काका, रागवायचं काय त्यात. जुन्या पाइपांचं लेपन हे बरेचदा ॲस्बेस्टॉसचंच असायचं आणि ते फवाऱ्यासारखंच भुसभुशीत, सहज धूळ होणारं, सिमेंटच्या पत्र्यात घट्ट बसलेल्यापेक्षा जास्त त्रासाचं. त्याचे परिणाम वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात, म्हणून "आता नऊ वर्षं झाली" असं म्हणून सोडू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की बावीस वर्षं हे काम केलंय, ते आपणहून विचारतीलच असं नाही. सिगारेट असेल तर आजच बंद. दम लागण्याची इतर साधी कारणंही असतात, पण तपासून घ्या. गेलात की इथे कळवा.

उत्तरवारा

मी गेली अकरा वर्षं बर्लिनमध्ये राहते, पूर्व भागात. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्या लग्नाचं जेवण पालास्टमधल्या रेस्टॉरंटमध्ये झालं होतं. त्यांनी मला फोटो दाखवला, पाठीमागे ते शेकडो गोल गोल दिवे आहेत, ज्यांच्यामुळे लोक त्या इमारतीला एरिकचं दिव्यांचं दुकान म्हणायचे, एरिक म्हणजे पूर्व जर्मनीचा तेव्हाचा प्रमुख होनेकर. मी सहज विचारलं की तुम्ही त्या सरकारच्या बाजूच्या होतात का. त्या एकदम ताठ झाल्या. म्हणाल्या, माझ्या भावाला त्या सरकारने आठ महिने तुरुंगात ठेवलं होतं, पण माझं लग्न सरकारचं नव्हतं, माझं होतं.

त्यांच्या म्हणण्याने मला एक गोष्ट पहिल्यांदा कळली. पाडणाऱ्यांना ती इमारत राज्यकर्त्यांची खूण वाटत होती आणि आजींना ती आपल्या आयुष्यातली एक जागा वाटत होती, आणि दोघं बोलत होते त्याच भिंतींबद्दल. २००६ ते २००८ आजी नदीच्या त्या बाजूला फिरकल्याच नाहीत.

नवीन इमारतीच्या घुमटाबद्दल पण इथे खूप चर्चा झाली. क्रॉस बसवला मे २०२० मध्ये. घुमटाच्या खालच्या कडेने निळ्यावर सोनेरी अक्षरांत ओळ आहे, बायबलातल्या वचनांमधून राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने स्वतः जोडलेली, सारांश असा की येशूच्या नावापुढे सगळ्यांनी गुडघे टेकावेत. हा घुमट १८४८ च्या क्रांतीच्या आगेमागे बांधला गेला, राजाला जनतेने आव्हान दिलं त्याच काळात. आणि आता त्या ओळीच्या खाली कोण तर आफ्रिका आणि आशियाच्या वस्तूंचं संग्रहालय. लोक विचारतात की ही ओळ परत का कोरली, उत्तर मिळतं की मूळ इमारतीवर होती म्हणून. पण मूळ इमारतीतलं सगळं कुठे परत आणलंय? नदीकडची पूर्वेची बाजू साधी, सरळ, आधुनिक आहे, ती मुद्दाम तशीच ठेवलीय. म्हणजे निवड केलीच आहे, मग ही ओळही निवडलेलीच म्हणायची.

साक्षीभाव

मी थोडं वेगळं म्हणतो. १९५० मध्ये पूर्व जर्मनीतल्या उल्ब्रिख्टच्या कम्युनिस्ट सरकारने जे केलं तो गुन्हा होता. पंधराव्या शतकापासूनची वास्तू, आंद्रेआस श्ल्यूटरसारख्या शिल्पकाराचं काम, ते मोर्चाला मैदान हवं म्हणून उडवायचं? अन्यायाने पाडलेलं परत उभं करणं यात चूक काय? मॉस्कोत ख्राइस्ट द सेव्हियर कॅथेड्रल स्टालिनने ५ डिसेंबर १९३१ ला उडवलं, तिथे सोव्हिएतांचा प्रचंड महाल व्हायचा होता, त्याचा पाया घातला आणि पोलादही उभं राहू लागलं, युद्धात ते पोलाद काढून नेलं, महाल काही झाला नाही. १९६० मध्ये त्याच खड्ड्यात पोहण्याचा तलाव केला. आणि २००० पर्यंत कॅथेड्रल परत उभं राहिलं. तिथल्या भाविकांना ते परत हवं होतं. लोकांना हवं असेल तर हरकत कुणाची?

आणि बर्लिनमध्ये लोकांनी स्वतः पैसे दिलेत, दर्शनी भागाच्या दगडकामासाठी १०० मिलियन युरोच्या वर देणग्या जमल्या. सरकारने लादलं असं म्हणता येत नाही.

उत्तरवारा

साक्षीभाव, देणग्यांचं बरोबर, पण एकूण खर्च ६८० मिलियनच्या घरात गेला, बाकीचा सरकारी तिजोरीतूनच. आणि पालास्ट ठेवण्यासाठीही लोक रस्त्यावर आले होते, त्यांना लोक म्हणायचं की नाही?

बुरूज_पाहणारा

१९५० चं लिहितो म्हणालो होतो. रोखठोक म्हणाले की नुसता ढिगारा होता. नव्हता. ३ फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यात राजवाडा पेटला आणि काही दिवस जळत राहिला, आतलं बरंच गेलं, पण बाहेरच्या जाड भिंती, मोठा जिना, बरंचसं कोरीवकाम उभं होतं. आणि १९४६ मध्ये त्यातल्या एका दालनात डागडुजी करून चित्रांची प्रदर्शनं भरली होती! ज्या इमारतीत तिकीट काढून लोक चित्रं बघतात ती चार वर्षांनी धोकादायक ढिगारा कशी होते? जुलै १९५० ला पक्षाच्या अधिवेशनात उल्ब्रिख्टने त्या जागी निदर्शनांचं मैदान व्हावं असं जाहीर केलं, ७ सप्टेंबरला पहिला सुरुंग, ३० डिसेंबरला शेवटचा. चार महिन्यांत संपवलं. घाई हीसुद्धा खूण असते. खरोखर धोकादायक इमारत असेल तर आधी टेकू देतात, मोजमाप करतात, कुठला भाग वाचेल बघतात. तिथे कलेच्या इतिहासकारांनी विरोध केला, तो बाजूला सारला, फक्त उडवायच्या आधी फोटो आणि मापं घ्यायला एका गटाला परवानगी दिली. तेच फोटो साठ वर्षांनी परत बांधायला उपयोगी पडले, त्या माणसांना याची कल्पनाही नसेल.

बरं, पैशाचं म्हणाल तर तेव्हा सरकार म्हणालं दुरुस्तीला पैसा नाही. युद्धानंतरचं उपाशी शहर, घरं नाहीत, हे कारण खोटं नव्हतं. पण दुरुस्तीला पैसा नसणं वेगळं आणि तसंच झाकून ठेवून देणं वेगळं. दुसरा पर्याय विचारातच घेतला नाही.

आणि सगळ्यात बोलका भाग म्हणजे काय वाचवलं. चौथं पोर्टल, म्हणजे एक दरवाजा आणि वरची गॅलरी. ९ नोव्हेंबर १९१८ ला समाजवादी नेता कार्ल लीब्कनेख्टने राजवाड्याच्या त्या गॅलरीतून समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं असं पक्ष मानायचा. म्हणून तेवढं सोडवून ठेवलं आणि १९६०च्या दशकात शेजारी राज्यपरिषदेची नवी इमारत बांधली तिच्या मधोमध बसवलं. त्यातले बरेचसे दगड तेव्हा नव्याने घडवावे लागले, पण आकार तोच. राजांची पाचशे वर्षं नको होती, आपला एक दिवस हवा होता.

पाऊलवाट

थांबा, मग नवीन राजवाड्यात चौथ्या पोर्टलच्या जागी काय आहे??

उत्तरवारा

चौथं पोर्टलच! परत घडवलेलं. म्हणजे आता एक राज्यपरिषदेच्या इमारतीत आणि एक मूळ जागी. दोन्हीमध्ये चालत पाच मिनिटं सुद्धा नाहीत. मी पाहुण्यांना मुद्दाम दोन्ही दाखवते. राज्यपरिषदेतलं काळवंडलंय, काचेच्या आणि सपाट दगडाच्या भिंतीत एकदम एकटं दिसतं. नवीन वाळूच्या रंगाचं, कडा अजून धारदार आहेत, कोपऱ्यांवर बोट ठेवलं तर टोचतं.

ते कसं केलं हे पण मी बघितलंय, श्पांडाऊमध्ये वर्कशॉप होतं, उघडं असायचं त्या दिवशी गेले होते. मूळ नकाशे फारसे नव्हतेच. प्रशियाच्या काळात मोजमापासाठी काचेच्या प्लेटांवर काढलेले फोटो होते, त्यावरून आणि १९५० मध्ये वाचलेल्या तुकड्यांवरून शिल्पकार आधी पूर्ण मापात मातीत घडवायचे, तज्ज्ञ येऊन बघायचे, नाक जरा जाड झालंय म्हणून परत करायला लावायचे, मग प्लास्टर, मग दगड. एक जण गरुडाच्या पंखावर काम करत होता, एकेका पिसाची मापं फोटोवर भिंगाने बघून. इतकी मेहनत बघून मला रागावताही येईना.

रोखठोक

बुरूज सर, १९४६ च्या प्रदर्शनाचं मला माहीत नव्हतं, माझी चूक. पण मग एक सांगा, प्रत्येक सरकार खुणा पुसतं तर हिटलरचा मंत्री गोरिंग याचं विमान मंत्रालय अजून कसं उभंय? नाझींची त्याहून मोठी खूण कुठली? तिथे तर आज अर्थ मंत्रालय आहे. तुमचं लॉजिक तिथे बसत नाही.

बुरूज_पाहणारा

हा प्रश्न फार चांगला विचारलात आणि मला वाटतं खरं उत्तर याच्यातच आहे. ते मंत्रालय १९३५-३६ मध्ये बांधलं, प्रचंड मोठं, हजारो खोल्या आणि युद्धात फारसं पडलं नाही. युद्धानंतर सोव्हिएतांनी वापरलं, ७ ऑक्टोबर १९४९ ला पूर्व जर्मनीची स्थापनाच त्या इमारतीत झाली, मग तिथे मंत्रालयं, एकीकरणानंतर सरकारी उद्योग विकणारी संस्था, मग अर्थ मंत्रालय. राइशबँकेची इमारतही तशीच, नाझी काळातली, मग कम्युनिस्ट पक्षाची केंद्रीय समिती, आज परराष्ट्र खातं. कचेरीची इमारत नव्या सत्तेला दुसऱ्या दिवशी लागते. टेबलं तीच, पाटी बदलली की झालं. रस्त्याकडच्या भिंतीवरचा नाझी गरूड काढला की बाकी भिंत कुणाचं नाव सांगत नाही.

पालास्टचं तसं नव्हतं. आधी बॉनमध्ये असलेली जर्मन संसद बर्लिनला आली तेव्हा तिला राइशस्टाग होता, पाच हजारांचं सभागृह आणि बोलिंग कुणाला नको होतं. आणि जागा कुठली तर शहराच्या ऐन मध्यात, जिथे त्याच्या आधी राजवाडा होता आणि त्याची आठवण करून देणारे लोक होते. १९९३ मध्ये राजवाड्याच्या बाजूच्या मंडळींनी काय केलं माहितीये? मोकळ्या भागात लोखंडी मचाण उभारून त्यावर राजवाड्याचं पूर्ण उंचीचं चित्र रंगवलेलं कापड लावलं आणि पालास्टच्या भिंतीवर एक मोठा आरसा लावला, म्हणजे कापडाचा राजवाडा आरशात पुढे लांबवर गेल्यासारखा दिसेल. वर्षभर होतं ते. पालास्ट तिथेच होता पण त्या बाजूने गेलं की दिसायचाच नाही. माझ्या मते निम्मा निकाल त्या कापडाने लावला.

म्हणून नुसती "खूण पुसायची" एवढ्याने भागत नाही. नव्या सत्तेला ती वापरता येते का, जागा किती मोक्याची आहे, आणि तिथे पूर्वी काय होतं याचं चित्र लोकांसमोर कुणी तयार ठेवलंय का, हे सगळं लागतं. तरी साक्षीभाव यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. अन्यायाने पाडलेलं परत बांधताना दुसरं काही पाडावं लागत असेल तर काय, यावर मी वीस वर्षं मत बदलतोय.

साक्षीभाव

कापडाचं आणि आरशाचं माहीत नव्हतं. पण मग एक विचारतो, उद्या हा राजवाडासुद्धा कुणी पाडला तर तो अन्याय ठरेल का? की नकली म्हणून चालेल? मला तरी तो पडलेला बघवणार नाही.

आणि पुतळ्यांचं काय, ते तर कचेरी म्हणून वापरता येत नाहीत. तरी बर्लिनच्या ट्रेप्टो भागातलं सोव्हिएत सैनिकाचं स्मारक आहेच की.

बुरूज_पाहणारा

ट्रेप्टो कराराने वाचलंय. एकीकरणाच्या वेळी जर्मनीने सोव्हिएतांना लेखी दिलं की त्यांची युद्धस्मारकं आणि कबरी सांभाळू. तिथे हजारो सैनिक पुरलेले आहेत. म्हणून आजही जर्मन सरकार स्वतःच्या खर्चाने ते साफ ठेवतं, दुरुस्त करतं. लेनिनच्या पुतळ्याला असा कागद नव्हता.

उत्तरवारा

लेनिनचं मी सांगते. फ्रीडरिशहाइनमध्ये १९ मीटर उंच, लाल ग्रॅनाइटचा, १९७० चा. संरक्षित यादीत होता, तरी यादीतून काढला आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये पाडायला घेतला. एका दगडाचा नव्हता, म्हणून १२९ तुकड्यांत सुटा केला, महिने लागले. ते तुकडे शहराच्या टोकाच्या जंगलात वाळूत पुरले. मग श्पांडाऊच्या किल्ल्यात पाडलेल्या स्मारकांचं प्रदर्शन करायचं ठरलं तेव्हा त्यांना डोकं हवं होतं. प्रशासन आधी नको म्हणालं. मग अडचण आली सरड्यांची, पुरलेल्या जागेवर संरक्षित जातीचे सरडे राहायला आले होते, त्यांना आधी पकडून दुसरीकडे सोडावं लागलं. सप्टेंबर २०१५ मध्ये डोकं बाहेर काढलं, साडेतीन टनांचं.

आता ते किल्ल्यात आहे, आडवं, एका बाजूवर ठेवलेलं. उभं करायचं नाही हे त्यांनी मुद्दाम ठरवलंय. तिथे हात लावायला परवानगी आहे. आजींना मी गेल्या उन्हाळ्यात घेऊन गेले होते. त्यांनी आधी दुरून पाहिलं, मग जवळ जाऊन कानावर हात ठेवला आणि म्हणाल्या केवढा थंड आहे. नंतर कॅफेत बसल्यावर मला विचारलं, ते गोल दिवे कुठे ठेवलेत गं, तेही असेच कुठे बघायला मिळतात का. मी अजून शोधतेय. कुणाला माहीत असेल तर सांगा.

चिमणीधूर

बुरूज साहेब, सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. मुलगा येणार आहे सोबत. बावीस वर्षांचं काम एका कागदावर लिहून ठेवलंय, कुठल्या साली कुठल्या शेडमध्ये होतो ते सगळं.